जुन्या पगार खात्यातून पैसे का कापले जातात आणि ते कसं थांबवायचं

नोकरी बदलली की जुनं पगार खातं मागे तसंच पडून राहतं. माझंही राहिलं. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा कंपनीनेच एका खासगी बँकेत खातं उघडून दिलं होतं. शिल्लक शून्य असली तरी चालेल, असं तेव्हा सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. तीन वर्षांनी मी दुसऱ्या कंपनीत गेलो आणि पगार दुसऱ्या बँकेत जमा होऊ लागला. जुन्या खात्यात १,२०० रुपये होते. अडीअडचणीला असू देत म्हणून ते तिथेच ठेवले आणि पुढे त्या खात्याकडे पाहिलंच नाही.

काही महिन्यांनी आयकराचा २,३४० रुपयांचा परतावा आला, तो नेमका त्याच खात्यात, कारण आयकराच्या पोर्टलवर मी खातं बदललंच नव्हतं. म्हणजे आधीचे १,२०० धरून ३,५४० रुपये असायला हवे होते. खात्यात होते फक्त १,१८०. बाकीचे २,३६० रुपये किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडात गेले होते.

पहिली नोकरी लागलेल्यांना किंवा नुकतीच नोकरी बदललेल्यांना हा प्रकार माहीत नसतो, म्हणून मी ज्या क्रमाने तो उलगडला आणि निस्तरला त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

सुरुवातीला हे जवळ ठेवा

- पासबुक किंवा मागच्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट
- आधार, पॅन आणि त्यांच्या झेरॉक्स
- खात्याला जोडलेला मोबाईल नंबर, चालू स्थितीत
- बँकेचं दरपत्रक. बँकेच्या वेबसाइटवर ते `Schedule of Charges` या नावाने असतं.
- खातं बंद करायचं असेल तर उरलेलं चेकबुक आणि एटीएम कार्ड

## १. आधी कपातीच्या ओळी वेगळ्या करा

स्टेटमेंटमध्ये शंभर-दीडशे ओळी असतात आणि कपातीची नावं आखूड करून छापलेली असतात. प्रत्येक बँकेची पद्धत निराळी असली तरी काही खुणा बहुतेक ठिकाणी सापडतात. `AMB` किंवा `MAB` दिसलं तर ती सरासरी मासिक शिल्लक कमी पडल्याची कपात आहे. `AMC` हे कार्डाची वार्षिक फी असल्याचं सांगतं. `NACH RTN` किंवा `ECS RTN` म्हणजे एसआयपी, विमा किंवा कर्जाचा हप्ता वटला नाही म्हणून लागलेला दंड. हा दंड सहसा सगळ्यांत मोठा असतो आणि एका महिन्यात दोन हप्ते परतले तर दोनदा लागतो.

या ओळी पेनने खूण करून वेगळ्या काढा आणि शेजारी तारीख व रक्कम लिहा. प्रत्येक शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो. काही बँका तो स्वतंत्र ओळीत दाखवतात, त्यामुळे एकच कपात दोनदा झाल्यासारखी वाटते.

इथे एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. मे-जूनच्या सुमारास २० रुपये किंवा ४३६ रुपये गेलेले दिसले तर ते बँकेचं शुल्क नाही. २० रुपये हा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता आहे आणि ४३६ रुपये जीवन ज्योती विमा योजनेचा. तुम्ही संमती दिली असेल तर तो दरवर्षी आपोआप जातो. संमती दिल्याचं आठवत नसेल तर शाखेत संमतीचा फॉर्म दाखवायला सांगा. नको असेल तर अर्ज देऊन तो बंद करता येतो.

## २. खातं आज कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा

माझी चूक इथेच झाली होती. पगार खात्याला किमान शिल्लक लागत नाही, ती त्यात पगार येत असतो म्हणून. पगार थांबला की ठरावीक काळाने, बऱ्याच बँकांत सलग तीन महिन्यांनी, ते खातं साध्या बचत खात्यात बदलतं. खाते क्रमांक तोच, कार्ड तेच, ॲपही तेच. वरून काहीच बदललेलं दिसत नाही, पण किमान शिल्लकेची अट लागू झालेली असते.

शाखेत जाऊन किंवा ग्राहक सेवेला फोन करून तीन गोष्टी विचारा: आज खात्याचा प्रकार कोणता, त्याला किती सरासरी शिल्लक लागते आणि ती महिन्याची मोजतात की तिमाहीची. "झिरो बॅलन्स आहे का?" एवढंच विचारू नका. त्याला "पगार खातं आहे ना, मग झिरोच" असं उत्तर मिळू शकतं, आणि त्याने तुम्हाला काहीच कळत नाही.

किमान शिल्लक किती असावी हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही, प्रत्येक बँक आपापलं ठरवते. म्हणून फरक खूप मोठा असतो. स्टेट बँकेने बचत खात्यांवरचा हा दंड २०२० मध्येच काढून टाकला. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही नेहमीच्या बचत खात्यांसाठी तो बंद केला. खासगी बँकांत मात्र शहरी शाखेला १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त शिल्लक मागणं अजूनही सर्रास चालतं.

## ३. सरासरीचं गणित समजून घ्या

"खात्यात कायम १०,००० ठेवावे लागतात" हा समज चुकीचा आहे. बँक रोज दिवसअखेरची शिल्लक पाहते, महिन्याच्या सगळ्या दिवसांच्या शिलकांची बेरीज करते आणि तिला दिवसांनी भागते. दंड त्या सरासरीवर ठरतो.

जून महिना घेऊ. दिवस ३०, अट १०,००० सरासरीची. म्हणजे दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज ३,००,००० व्हायला हवी. समजा १ तारखेला ३०,००० रुपये खात्यात आले आणि १० तारखेपर्यंत हललेच नाहीत. दहा दिवसांत बेरीज ३,००,००० झाली. आता ११ तारखेला सगळे पैसे काढून खातं रिकामं केलं तरी त्या महिन्याचा दंड लागणार नाही.

उलट बाजूही पाहा. खात्यात ४,००० रुपये पडून आहेत आणि २० तारखेला रात्री तुमच्या लक्षात आलं. वीस दिवसांची बेरीज ८०,००० झाली. उरलेल्या दहा दिवसांत २,२०,००० भरून काढायचे, म्हणजे रोज २२,००० शिल्लक हवी. २१ तारखेला १८,००० रुपये टाकून महिनाअखेरपर्यंत तसेच ठेवले की झालं. १ जुलैला ते परत काढून घ्या. तेच २५ तारखेला रात्री लक्षात आलं तर उरलेल्या पाच दिवसांत २,००,००० भरून काढायचे, रोज ४०,००० शिल्लक, म्हणजे ३६,००० टाकावे लागतील. जितका उशीर तितकी मोठी रक्कम. म्हणून फोनमध्ये दर महिन्याच्या १५ तारखेचं रिमाइंडर लावा, महिनाअखेरचं नको.

काहीच केलं नाही तर काय होतं? माझ्या बँकेच्या दरपत्रकात तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, असा नियम होता. सरासरी ४,००० राहिली तर तूट ६,००० ची. तिचे ६ टक्के ३६० रुपये, वर जीएसटीचे ६४ रुपये ८० पैसे, एकूण ४२४ रुपये ८० पैसे. माझी सरासरी १,२०० होती. तूट ८,८००, तिचे ६ टक्के ५२८, म्हणून ५०० ची मर्यादा लागली आणि जीएसटीसह ५९० गेले. पुढच्या महिन्यात शिल्लक ६१० उरलेली, त्यातून पुन्हा ५९०. तिसऱ्या महिन्यात खात्यात होते २० रुपये. ते घेतले आणि ५७० बाकी दाखवले. चौथ्या महिन्याचे ५९० त्यावर चढले. मग परतावा आला आणि त्यातून १,१६० एकदम वळते झाले.

एक खबरदारी. सकाळी पैसे टाकून संध्याकाळी काढले तर ते धरले जात नाहीत, कारण मोजली जाते ती दिवसअखेरची शिल्लक. आणि तिमाही सरासरी असेल तर वरचंच गणित ९० ते ९२ दिवसांचं करा.

## ४. दंड लागलाच असेल तर हे नियम हातात घेऊन जा

रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला एक परिपत्रक काढलं, त्यातले नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि भरपाईसाठी किमान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे, सगळ्यांना सरसकट एकच नाही. आणि केवळ या दंडामुळे खात्याची शिल्लक शून्याच्या खाली जाता कामा नये.

मला बँकेकडून एसएमएस आले होते, पण ते जुन्या कंपनीने दिलेल्या सिमवर. ते सिम मी नोकरी सोडताना परत केलं होतं. त्यामुळे "कळवलंच नाही" असं मला म्हणता येईना. म्हणून नोकरी सोडायच्या आठवड्यात पहिलं काम म्हणून बँकेतला मोबाईल नंबर आणि ईमेल दोन्ही स्वतःचे करून घ्या. नंतर करायला गेलं की ओटीपी जुन्याच नंबरवर जातो आणि शाखेत खेटे घालावे लागतात.

तिसरा मुद्दा मात्र लागू पडला. खात्यात २० रुपये असताना ५९० चा दंड बाकी म्हणून चढवत जाणं हे खातं उणे करण्यासारखंच आहे, असं मी अर्जात लिहिलं. शाखा व्यवस्थापकांनी तो वर पाठवला आणि बारा दिवसांनी १,१६० रुपये परत आले. आधीचे १,२०० मिळाले नाहीत.

आणखी एक. दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही स्वतः कोणताही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय ठरतं. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क घेता येत नाही.

## ५. खातं ठेवायचं, बदलायचं की बंद करायचं ते ठरवा

जुन्या खात्याचा खरोखर उपयोग असेल, लॉकर असेल, कर्जाचा हप्ता जात असेल, तर ठेवा आणि १५ तारखेचा नियम पाळा.

उपयोग थोडाच असेल तर ते मूलभूत बचत खात्यात बदलून मागा. बँकेच्या भाषेत याला `BSBDA` म्हणतात. जनधन खातंही याच प्रकारचं. याला किमान शिल्लक लागत नाही. एटीएम कार्ड मोफत मिळतं आणि त्यावर वार्षिक फी नसते. महिन्यातून किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. हे खातं फक्त गरिबांसाठी आहे असं काउंटरवर ऐकायला मिळालं तर ते खरं नाही. वय किंवा उत्पन्नाची अट यासाठी लावता येत नाही, आणि चालू बचत खातंही यात बदलून घेता येतं. अट एकच: त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असता कामा नये. ज्यांना महिन्यातून सात-आठ वेळा रोख काढायची असते त्यांनी मात्र आधी विचार करावा, कारण चारच्या पुढे काय करायचं हे बँकेच्या हातात असतं.

माझा कल बंद करण्याकडेच आहे, आणि मी तेच केलं. पण फॉर्म भरण्याआधी त्या खात्याला काय काय जोडलेलं आहे ते काढून घ्या. आयकर पोर्टलवर परताव्यासाठी निवडलेलं खातं, पीएफचं खातं, एसआयपी, विम्याचे हप्ते, गॅसचं अनुदान, शेअर्सच्या लाभांशासाठीचं खातं. हे सगळं नव्या खात्यावर नेऊन एक महिना थांबा आणि मगच खातं बंद करा. बंद करण्याचंही शुल्क काही बँका घेतात, पण खातं उघडून वर्ष झालं असेल तर बऱ्याच ठिकाणी ते माफ असतं. विचारून घ्या. खातं बंद झाल्याचं लेखी पत्र मागा आणि जपून ठेवा.

## ६. एटीएमची मोफत संख्या कुठे संपते

स्वतःच्या बँकेच्या एटीएममध्ये महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये महानगरात तीन आणि इतरत्र पाच. महानगरं म्हणजे सहाच: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद. पुणे या यादीत नाही, नागपूर, नाशिक किंवा पणजीही नाही. आणि शहर धरलं जातं ते एटीएमचं, तुमच्या शाखेचं नाही. पुण्याचं खातं असलं तरी दादरच्या एटीएममध्ये मुंबईचाच हिशेब लागतो.

त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि कर, म्हणजे २७ रुपये १४ पैसे घेता येतात. लक्षात न येणारी गोष्ट अशी की दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये नुसती शिल्लक पाहिली तरी एक मोफत व्यवहार खर्ची पडतो. शिल्लक ॲपवर पाहा किंवा बँकेच्या मिस्ड कॉल नंबरवर.

मशीन बिघडलं, त्यात नोटा नव्हत्या किंवा पिन चुकला म्हणून व्यवहार फसला, तर तो मोजला जात नाही आणि त्याचं शुल्कही घेता येत नाही. पण खात्यात पुरेसे पैसे नसताना काढायला गेलात आणि नकार आला तर अनेक बँका त्याचा वेगळा दंड लावतात. खात्यात ९०० असताना घाईत १,००० टाकले की हा दंड बसतो. त्यामुळे मशीनसमोर उभं राहण्याआधी शिल्लक पाहण्याची सवय लावा.

नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे गेले, तर पावती किंवा एसएमएस जपून ठेवा. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी. त्यापुढे झालेल्या प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी बँकेने १०० रुपये द्यायचे असतात, तेही तुम्ही न मागता.

## ७. कार्डाची वार्षिक फी

डेबिट कार्डावर पहिलं वर्ष बऱ्याचदा मोफत असतं आणि दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात फी जाते. खातं उघडताना बहुधा प्लॅटिनम किंवा तसलं वरचं कार्ड हातात दिलं जातं. लाउंज, विमा वगैरे सोयी तुम्ही वापरत नसाल तर साधं रुपे किंवा क्लासिक कार्ड मागा. त्याची फी कमी असते, काही ठिकाणी नसतेही. कार्ड बदलायचं ते फी जाण्याच्या महिन्याआधी. एकदा गेलेली फी परत मिळवणं कठीण असतं. यूपीआयवरच भागत असेल तर कार्ड परत करून खातं कार्डाविना ठेवता येतं.

पडून असलेल्या खात्यात ही फी दुहेरी नुकसान करते. सरासरी जेमतेम पुरत असते, कार्डाची फी गेली की ती अटीच्या खाली येते आणि पुढच्या महिन्यात दंड लागतो.

क्रेडिट कार्ड घेताना "लाइफटाइम फ्री" हे शब्द तोंडी नकोत, अर्जावर किंवा ईमेलमध्ये हवेत. काही कार्डांची फी वर्षभरात ठरावीक खर्च केला तर माफ होते, पण फी वाचवायला मुद्दाम खर्च वाढवू नका. नको असेल तर थकबाकी पूर्ण भरून कार्ड बंद करायला सांगा. सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही तर त्यापुढे दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

## ८. अर्ज कसा लिहायचा आणि पुढे कुठे जायचं

तोंडी बोलणं झालं तरी अर्ज द्याच. मी दिलेला अर्ज साधारण असा होता:

> मा. शाखा व्यवस्थापक,
> माझ्या वरील बचत खात्यातून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल खालील तारखांना रकमा वळत्या करण्यात आल्या आहेत. त्यांपैकी १,१६० रुपयांचा दंड खात्यात शिल्लक नसताना आकारून पुढे जमा झालेल्या रकमेतून वसूल केला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार या दंडामुळे खाते उणे होऊ नये. तरी ही रक्कम जीएसटीसह परत करावी आणि आधी दिलेल्या सूचनांच्या प्रती मला द्याव्यात, ही विनंती.

खाली तारखा आणि रकमांचा तक्ता, सोबत खुणा केलेलं स्टेटमेंट. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार ईमेलवर पाठवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार नोंदवता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. फॉर्म भरताना काही अडलं तर १४४४८ या नंबरवर विचारता येतं. आधी बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट तिथे गेलात तर अर्ज परत येतो, म्हणून ती शिक्क्याची प्रत किंवा तक्रार क्रमांक लागतोच. तुमचं खातं पतसंस्थेत असेल तर हा मार्ग चालत नाही. पतसंस्था बँक नव्हे, तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात द्यावी लागते.